गिअर मेट दिला की सगळं लाल का होतं? दोन स्टेजच्या गिअरबॉक्समधले ओव्हर डिफाइन्ड मेट

प्रश्न : सर, मी खानापूरचा. ऊस चरकासाठी 1:12 चा दोन स्टेजचा गिअरबॉक्स सॉलिडवर्क्समध्ये करतोय. तीन शाफ्ट, चार गिअर. बसवताना सगळं ठीक होतं, पण शेवटी गिअर मेट दिला आणि तीसेक मेट लाल-पिवळे झाले. एक डिलीट केला की दुसराच लाल होतो. दोनदा सगळे मेट काढून परत दिले, तरी तेच. शाफ्ट माउसने ओढला तर हलत नाही. दाताला टँजंट दिलाय, की बसवलीय, दोन्हीकडची बेअरिंगं हाउसिंगला पक्की केलीत. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

आधी मेट डिलीट करणं थांबवा. फाइलची एक कॉपी ठेवा आणि त्या कॉपीवर काम करा. तीस मेट लाल-पिवळे दिसले तरी खरा घोटाळा बहुतेक वेळा दोन-तीन ठिकाणीच असतो. बाकीचे मेट त्या भांडणात ओढले गेलेले असतात. पिवळं चिन्ह म्हणजे तो मेट पाळला गेलाय, पण ओव्हर डिफाइन करणाऱ्या टोळीत तोही आहे. लाल म्हणजे तो मेट पाळलाच गेलेला नाही. मात्र लाल झालेला मेटच दोषी असतो असंही नाही. दोघांत वाद झाला की सॉलिडवर्क्स एकाचं ऐकतं आणि दुसऱ्याला लाल करतं, एवढंच. म्हणून तुम्ही एक काढलात की दुसरा लाल होतो.

गिअर मेट दिल्यावरच हे का झालं, तेही समजून घ्या. कोणत्याही पार्टला हलायच्या सहा वाटा असतात, तीन सरकण्याच्या आणि तीन फिरण्याच्या. शाफ्टला हाउसिंगच्या बोअरशी कॉन्सेंट्रिक दिला की चार वाटा बंद होतात. दोन बाजूंना सरकणं गेलं आणि दोन दिशांना कलणं गेलं. खांद्यावर एक कोइन्सिडंट दिला की लांबीत सरकणंही थांबतं. उरतं फक्त स्वतःभोवती फिरणं, आणि तेच आपल्याला हवं आहे. म्हणजे शाफ्टचं काम दोन मेटमध्ये संपतं. तिसरा मेट कुठलाही दिलात तरी तो एकतर जादा आहे किंवा शाफ्टचं फिरणं बंद करणारा आहे. जादा मेटची मापं इतरांशी तंतोतंत जुळत असतील तोवर सॉलिडवर्क्स तो गप्प सोसतं. गिअर मेटने फिरण्याची मागणी केली की आतापर्यंत दबलेलं सगळं वर येतं आणि दोष शेवटच्या मेटवर जातो.

आता क्रम सांगतो. पहिल्यांदा दोन्ही गिअर मेट सप्रेस करा आणि दातांचा टँजंट कायमचा काढून टाका, त्याचं कारण पुढे येईल. मग `Ctrl+Q` दाबून पूर्ण रिबिल्ड करा. एवढ्यावर लाल निघून गेलं तर तुमचा घोटाळा फक्त फिरण्याच्या वाटेवर होता. लाल उरलं तर पार्टच्या मापांतच भांडण आहे, आणि ते सुटल्याशिवाय गिअर मेटला हात लावायचा नाही. `Mates` फोल्डरवर राइट-क्लिक करून `MateXpert` उघडा आणि `Diagnose` करा. तीस मेटमधून एकमेकांशी न पटणारा छोटा गट ते वेगळा काढून देतं. त्यातल्या न पाळलेल्या मेटवर क्लिक केलंत की तो किती अंतराने किंवा किती कोनाने चुकतोय ते दिसतं. माझ्या दृष्टीने अख्ख्या कामात हा आकडा सगळ्यात मोलाचा. बहुतेक जण तो वाचतच नाहीत, मेट सप्रेस करून पुढे जातात.

तुमच्या फाइलची मापं मला माहीत नाहीत, म्हणून अशाच एका कामाची मापं घेतो. पहिल्या स्टेजला 20 दातांचं पिनियन आणि 60 चा गिअर, मोड्यूल 3. दुसऱ्या स्टेजला 18 आणि 72, मोड्यूल 4. तीन पट गुणिले चार पट, म्हणजे बारा पट. सेंटर अंतर पहिल्या जोडीचं 120 आणि दुसरीचं 180. इनपुट शाफ्टवर 6205 बेअरिंगं, पिनियनची जागा 28 व्यासाची, त्यात 8×7 ची की. हाउसिंग आपल्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून येतं तसं साधं कास्ट आयर्नचं, दोन्ही बाजूंना कव्हर.

पहिलं भांडण कीचं. 28 व्यासाच्या शाफ्टवर की-वे 4 खोल आणि हबमध्ये 3.3. हिशेब करून पाहा. शाफ्टच्या मध्यापासून पृष्ठभाग 14 वर, तर की-वेचा तळ 10 वर. की 7 उंच, म्हणजे तिचा माथा 17 वर येतो. हबमधल्या की-वेचं छत 14 अधिक 3.3, म्हणजे 17.3 वर. मध्ये 0.3 ची फट मुद्दाम ठेवलेली आहे. की बाजूंनी ताकद देते, माथ्याने नाही. आता कोणी कीचा माथा आणि हबचं छत यांना कोइन्सिडंट दिला, तर तो मेट हबला 0.3 ने खाली ओढायला बघतो आणि हब-शाफ्टचा कॉन्सेंट्रिक त्याला सोडत नाही. `MateXpert` मध्ये नेमका 0.3 दिसतो. हा आकडा दिसला की समजायचं, की वरून दाबलेली आहे. माथ्याचा मेट काढा. की तळाला कोइन्सिडंट, लांबीत एक मेट आणि बाजूंना `Width` मेट, बास. बाजूंच्या दोन्ही तोंडांना वेगवेगळे कोइन्सिडंट देऊ नका. की 8 ची आणि मॉडेलमध्ये की-वे कोणी 8.02 काढला असेल, तर तेवढ्यावरही लाल होतं. `Width` मेट कीला मधोमध ठेवतो आणि फटीवरून भांडत नाही. हबला शाफ्टभोवती अडवायचं असेल तर त्याच्या की-वेलाही तोच मेट द्या.

शाफ्ट, की, गिअर, बेअरिंगं हे सगळं मिळून एक सब-असेंब्ली करावी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मुख्य असेंब्लीत ती रिजिड ठेवावी. फिटरही शाफ्ट बाकावर जुळवून घेतो आणि मगच हाउसिंगमध्ये सोडतो. कीचं भांडण मग त्या छोट्या फाइलमध्येच मिटतं आणि वर मुख्य असेंब्लीला प्रत्येक शाफ्ट म्हणजे एकच गठ्ठा दिसतो. बेअरिंगची बाहेरची रिंगही शाफ्टबरोबर फिरताना दिसेल, पण ड्रॉइंगला त्याने काही बिघडत नाही. ती फिरताना दिसू नये म्हणून बाहेरच्या रिंगला पॅरलल देऊन थांबवायला गेलात, तर रिजिड गठ्ठ्यात अख्खा शाफ्टच थांबतो. हा प्रकार मी तीन-चार फाइलमध्ये पाहिलाय, आणि लाल चिन्हाशिवाय शाफ्ट गोठल्यामुळे लोक दिवसभर भलतीकडे शोधत बसतात.

दुसरं भांडण बेअरिंगचं, आणि मी थांबेन ते इथे, कारण याचा संबंध नुसत्या मॉडेलशी नाही. इनपुट शाफ्टवर दोन खांद्यांमधलं अंतर 110. 6205 ची रुंदी 15, दोन्हीकडे मिळून 30. म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या तोंडापासून दुसऱ्या बाहेरच्या तोंडापर्यंत 140. कव्हर लावल्यावर दोन्ही कव्हरच्या ओठांमध्ये 140.5. डावं बेअरिंग डाव्या कव्हरला टेकवलं, उजवं उजव्या कव्हरला टेकवलं, की 0.5 चं भांडण ठरलेलंच. पण मॉडेल इथे चुकलेलं नाही. ती 0.5 ची फट हवीच आहे. एक बेअरिंग शाफ्टला जागेवर धरतं आणि दुसरं हाउसिंगमध्ये लांबीत सरकायला मोकळं असतं, कारण चरक दिवसभर चालला की शाफ्ट तापून लांबतो. मेटही तसाच द्यायचा. धरणाऱ्या बाजूच्या बेअरिंगला कव्हरशी कोइन्सिडंट, आणि मोकळ्या बाजूला लांबीचा मेट अजिबात नाही.

पण मेट काढण्याआधी तो आकडा कुठल्या बाजूचा आहे ते बघा. फट आहे की घुसतंय? काही वर्षांपूर्वी एका कामात माझ्याकडे असाच उजव्या कव्हरचा मेट 0.2 ने लाल होता. ड्रॉइंग त्याच दिवशी जायचं होतं, मी मेट सप्रेस केला आणि ड्रॉइंग दिलं. तिथे फट नव्हती. खांद्यांमधलं अंतर 0.2 ने जास्त झालं होतं, म्हणजे शाफ्ट-बेअरिंगचा गठ्ठा जागेपेक्षा लांब होता. जुळणीच्या दिवशी कव्हरचे बोल्ट आवळले तसा शाफ्ट हाताला जड होत गेला आणि शेवटचा बोल्ट आवळल्यावर फिरेनाच. फिटरने कव्हरखाली पॅकिंग घालून वेळ मारून नेली, पण पुढच्या सगळ्या नगांचं ड्रॉइंग बदलावं लागलं. त्या लाल चिन्हाने मला आधीच सांगितलं होतं. तेव्हापासून लांबीचा मेट सप्रेस करताना मी आधी `Measure` लावतो आणि बाजू वहीत लिहून ठेवतो.

बोअरचंही असंच. शाफ्ट डाव्या बोअरशी कॉन्सेंट्रिक आणि उजव्या बोअरशीही कॉन्सेंट्रिक, असे दोन दिले तर दुसरा जादा आहे. दोन्ही बोअर एका रेषेत असतील तोवर काही दिसत नाही. उद्या कोणी डाव्या बाजूच्या स्केचमध्ये सेंटर अंतर 120 वरून 122 केलं आणि उजवीकडे करायचं राहिलं, की सगळं लाल. एकाच बोअरशी मेट द्या आणि दुसऱ्या बोअरची तपासणी `Interference Detection` ने करा. बोअर सरकला असेल तर बेअरिंगची बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये चंद्रकोरीसारखी घुसलेली दिसते. 2018 पासून दोन कॉन्सेंट्रिकमधला थोडा फरक चालवून घेण्याची सोय सॉलिडवर्क्समध्ये आली आहे. बोल्टच्या भोकांच्या जोडीला ती ठीक आहे. बेअरिंगच्या बोअरला मी ती वापरत नाही, कारण तिथला फरक झाकायचा नसतो, दुरुस्त करायचा असतो.

इथवर आलात की लाल गेलेलं असेल. आता एकेक शाफ्ट माउसने ओढून बघा. गिअर मेट अजून सप्रेसच आहेत, म्हणून तिन्ही शाफ्ट एकमेकांशी संबंध न ठेवता मोकळे फिरले पाहिजेत. एखादा फिरत नसेल तर तीन ठिकाणं बघा. ट्रीमध्ये शाफ्टच्या नावापुढे `(f)` आहे का, म्हणजे तो फिक्स झालाय का? कॉन्सेंट्रिक मेटमध्ये `Lock Rotation` वर टिक आहे का? आणि सुरुवातीला शाफ्ट सरळ उभा दिसावा म्हणून त्याचा प्लेन हाउसिंगच्या प्लेनला पॅरलल दिलाय का? ही तिसरी सवय फार जणांना असते. तिन्ही शाफ्ट मोकळे फिरल्याशिवाय गिअर मेट अनसप्रेस करू नका. ही अट मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो.

आता तो टँजंट. 20 दातांच्या पिनियनला एक दात म्हणजे 18 अंश. टँजंट तुम्ही एका ठरावीक दाताच्या बाजूला आणि समोरच्या एका ठरावीक दाताला दिलेला असतो. खऱ्या गिअरमध्ये तेवढं फिरलं की स्पर्श पुढच्या जोडीकडे जातो. टँजंट मात्र त्याच जुन्या दोन दातांना धरून बसतो. इकडे गिअर मेट म्हणतो 60 ला 20 च्या प्रमाणात फिरा, तिकडे टँजंट म्हणतो हे दोन दात सोडायचे नाहीत. दोघांचं एकाच जागी पटतं आणि ओढलं की फाटतं. शिवाय टूलबॉक्समधून घेतलेल्या गिअरच्या दातांचा आकार खरा इन्व्होल्यूट नसतो, तो दाखवण्यापुरता असतो. त्या दातांच्या स्पर्शावर जागा ठरवण्यात अर्थ नाही.

दात दातात बसलेले दिसायला हवेत हे मात्र बरोबर. त्यासाठी पिनियनमध्ये एका दाताच्या मधून जाणारा प्लेन करा आणि गिअरमध्ये एका खाचेच्या मधून जाणारा. हाउसिंगमध्ये दोन शाफ्टच्या सेंटरमधून जाणारा एक प्लेन असू द्या. आधी पिनियनचा प्लेन या सेंटरच्या प्लेनशी कोइन्सिडंट करा, मग गिअरचा, आणि दोन्ही वेळा मेटच्या खिडकीतल्या `Options` मध्ये `Use for positioning only` वर टिक करा. पार्ट जागेवर येतो आणि मेट मागे राहत नाही. दात आणि खाच समोरासमोर आली आहेत ना, की उलट्या बाजूला गेलीत, हे डोळ्याने बघून घ्या. मग `Mechanical` मध्ये जाऊन `Gear` मेट द्या. निवडलेल्या गोल तोंडांच्या मापावरून तो आपलं प्रमाण स्वतःच भरतो. तुम्ही बोअर निवडला असेल तर 28 आणि गिअरच्या बोअरचं माप येईल, ते चुकीचं आहे. दातांचे आकडे हाताने भरा, 20 आणि 60. मोजून भरलेले व्यास नकोत, दातच हवेत.

दुसऱ्या जोडीत क्रम चुकतो म्हणून थोडं थांबून सांगतो. मधल्या शाफ्टवर 60 चा गिअर आणि 18 चं पिनियन दोन्ही कीने जखडलेली आहेत. पहिल्या जोडीला गिअर मेट दिल्यावर मधला शाफ्ट आता इनपुटबरोबरच फिरतो. 18 च्या पिनियनचा दात दुसऱ्या सेंटर रेषेवर आणताना वरचे दोन्ही गिअर बरोबर फिरतील, ते चालेल, कारण पहिल्या गिअर मेटने त्यांचे दात जुळवून धरलेले आहेत. नंतर फक्त आउटपुटचा 72 चा गिअर फिरवून खाच समोर आणा, आणि 18-72 चा गिअर मेट द्या. हा क्रम उलटा केलात किंवा नंतर गिअर मेट सप्रेस करून एखादा शाफ्ट हलवलात, तर परत चालू केल्यावर तो त्या नव्या जागेपासून मोजायला लागतो आणि दात एकमेकांत घुसलेले दिसतात. एरर येत नाही, कारण गिअर मेटला दात दिसतच नाहीत. त्याला फक्त दोन अक्ष आणि त्यांचं प्रमाण कळतं.

तपासायला मोशन स्टडीमध्ये इनपुट शाफ्टला 12 आरपीएमची रोटरी मोटर लावा आणि 5 सेकंद चालवा. इनपुटचा बरोबर एक फेरा होतो. आउटपुट 30 अंश फिरायला हवा, कारण 360 भागिले 12. दोन बाह्य गिअर जोड्या आहेत, म्हणून आउटपुट इनपुटच्याच दिशेने फिरला पाहिजे. उलटा फिरत असेल तर ज्या जोडीचे दोन्ही गिअर एकाच दिशेने फिरताना दिसतात त्या मेटमध्ये `Reverse` बदला.

शेवटी हा गिअरबॉक्स तुम्ही चरकाच्या मुख्य असेंब्लीत घ्याल तेव्हा तो रिजिड येईल आणि शाफ्ट परत गोठतील. तिथे `Make Subassembly Flexible` करा, पण हालचाल बघायची असेल तेव्हाच, कारण मोठी असेंब्ली त्याने जड होते. आणि मोटर बसवताना एक लाल मेट जवळपास नक्की येईल, त्याला घाबरू नका. 112 फ्रेमच्या मोटरचं सेंटर पायापासून 112 वर असतं. तुमच्या गिअरबॉक्सचा इनपुट 120 वर असेल आणि दोन्ही एकाच बेसवर कोइन्सिडंट असतील, तर कपलिंगचा कॉन्सेंट्रिक 8 ने लाल होईल. कॉन्सेंट्रिक सप्रेस करू नका. मोटरखाली 8 ची मशीन केलेली पॅकिंग प्लेट काढा, बिल ऑफ मटेरियलमध्ये टाका, आणि मोटरचा पाय बेसला न देता त्या प्लेटला मेट करा.